चिमू चिमू, काय हवं? – इको क्लबच्या शुभंकराचं नाव ठरवताना



जून महिन्यात शाळा सुरू झाली की इको क्लबची वही निघते. अध्यक्ष, सचिव, सदस्य, वर्षभराचं नियोजन, सगळं लिहून होतं. काही शाळांत शुभंकरही ठरतो, म्हणजे क्लबचं एखादं पात्र. झाड, पक्षी, फुलपाखरू असं काहीतरी. त्याचं चित्र दर्शनी भिंतीवर रंगवलं जातं, खाली ठळक अक्षरांत नाव येतं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना विचारलं तर ते नाव कुणालाच आठवत नाही. आमच्या शाळेत हे दोन वर्षं झालं. आमच्या शुभंकराचं नाव होतं 'हरितमित्र'. नाव मीच ठेवलं होतं, आणि ठेवताना मला ते फार छान वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी एक चौथीची मुलगी मला म्हणाली, "बाई, त्या भिंतीवरच्या हिरव्या माणसाचं नाव काय हो?" दोन वर्षं ती त्या भिंतीसमोर रोज परिपाठाला उभी राहत होती. तेव्हा कळलं, चूक मुलांच्या आठवणीची नाही, नावाची आहे. त्या वर्षी आम्ही नाव निवडायला चांगले पंधरा दिवस घेतले. त्यातून मला जे समजलं ते इथे लिहिते आहे. मराठी शिकवणाऱ्यांना यात एक वेगळा पाठही सापडेल, कारण सगळा मामला शेवटी मात्रांचा, स्वरांचा आणि उच्चारांचा निघाला.

लक्षात राहिलेली नावं कशी असतात?

आधी थोडं मागे वळून पाहू. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, त्यांचा शुभंकर होता हत्तीचं पिल्लू 'अप्पू'. रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा हातात हिरवा कंदील घेतलेला हत्ती आला, 'भोलू'. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांचा वाघ होता 'शेरा'. आमच्या पिढीतल्या कुणालाही अप्पू विचारा, खेळात कोण जिंकलं ते आठवणार नाही, अप्पू आठवतो.

ही तीन नावं फळ्यावर लिहून मी सातवीच्या मुलांना विचारलं, यांच्यात सारखं काय आहे? एकाने लगेच सांगितलं, "तिन्ही दोन-दोन अक्षरी आहेत." दुसरी म्हणाली, "शेवटी ऊ नाहीतर आ आहे." आमचं 'हरितमित्र' तिने शेजारी लिहिलं आणि मोठ्याने म्हणून पाहिलं. शेवटी 'त्र'. तोंड मिटतं, आवाज तिथेच थांबतो.

मुद्दा एवढाच आहे. मैदानावर हाक मारताना आपण शब्दाचा शेवटचा स्वर लांबवतो. आई मुलाला हाक मारते तेव्हा 'सुरेश' असेल तर 'सुऱ्याऽऽ' करते, कारण 'श' लांबवता येत नाही. आपल्या बोलीत माणसांची, जनावरांची, देवांची हाक मारायची नावं म्हणूनच आ, ई, ऊ, ओ यांवर संपतात. बाळ्या, पिंकी, राजू, चिंगी. 'हरितमित्र', 'पर्यावरणदूत', 'वृक्षवीर' ही नावं वहीत शोभतात. त्यांना हाक मारता येत नाही. आणि ज्याला हाक मारता येत नाही त्याची घोषणाही होत नाही.

मुलांनी सुचवलेली नावं

मग पेटी ठेवली. तिसरी ते सातवीच्या मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या. सारखी नावं एकत्र केल्यावर बरीच उरली, त्यातली काही वाचतानाच बाद झाली. 'चिंटू' चांगलं होतं, पण चिंटू हा आधीच वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतला प्रसिद्ध मुलगा आहे. 'बुलबुल' हे गोड नाव होतं, पण स्काउट-गाइडमध्ये छोट्या मुलींच्या पथकालाच बुलबुल म्हणतात. आमच्याकडे कब-बुलबुलचं पथक आहे, मग रोज गोंधळ. 'टिट्टू' असं एका मुलाने टिटवीवरून केलं होतं. उच्चाराला हे नाव फार झकास आहे, मधला जोड 'ट्ट' अप्पूतल्या 'प्प'सारखा टाळीवर बसतो. पण टिटवी रात्री ओरडली की अपशकुन मानणारी घरं आमच्या गावात आहेत. ती समजूत खोटी आहे हे मुलांना शिकवायचंच आहे, तरी क्लबचं नाव रोज घरी भांडण लावणारं नको, असं मुख्याध्यापक सर म्हणाले आणि मला ते पटलं. (टिटवीवर वेगळा पाठ घेतला. जमिनीवर अंडी घालणारा पक्षी माणूस जवळ आला की ओरडणारच, एवढं समजलं की मुलांची भीती जाते.)

शेवटी सात नावं राहिली: हरितवीर, ग्रीनी, लिंबू, शेकरू, चिऊ, चिमू आणि वडोबा.

'लिंबू' हे आमच्या अंगणातल्या कडुनिंबावरून आलं. आमच्याकडे कडुनिंबाला लिंबच म्हणतात. 'शेकरू' हा आपला राज्यप्राणी. 'वडोबा' सातवीच्या मुलांचा लाडका, गावाच्या वेशीवरच्या मोठ्या वडावरून सुचलेला. 'चिमू' हे एका तिसरीच्या मुलीने चिमणी आणि चिमुकली मिळून केलं होतं. तिने चिठ्ठीवर कारणही लिहिलं होतं, "ती आमच्या वर्गात येते."

मैदानावरची परीक्षा

इथे मी मतदान घेणार होते. बरं झालं घेतलं नाही. मुलं आपल्या मैत्रिणीने सुचवलेल्या नावाला मत देतात, वर्गावर्गांत चुरस लागते, आणि सर्वांत मोठ्या वर्गाचं नाव निवडून येतं. त्याऐवजी नावांनाच परीक्षेला बसवलं.

पहिली परीक्षा लांबून हाक मारण्याची. वेगवेगळ्या वर्गांतली पाच मुलं कागद-पेन्सिल घेऊन मैदानाच्या पार टोकाला, कुंपणापाशी पाठ करून उभी केली. त्यांना नावं आधी सांगितली नव्हती. इकडून चाळीसेक मुलांनी एकच नाव एकदाच ओरडायचं आणि तिकडच्यांनी ऐकू आलं ते लिहायचं. 'हरितवीर' ओरडलं तेव्हा कुणी 'ईर' लिहिलं, कुणी 'तवीर'. एकाने 'महावीर' लिहिलं. 'वडोबा' पाचही जणांना स्वच्छ ऐकू आलं. मधला 'डो' दणकट आहे आणि शेवटचा 'बा' उघडा आहे, तोंड पूर्ण उघडून म्हणता येतो. 'लिंबू'ही पाचांना कळलं.

आश्चर्य 'चिऊ'चं वाटलं. मला वाटत होतं हेच जिंकणार. चिऊ-काऊची गोष्ट ऐकली नाही असं मराठी घरातलं मूल विरळा, नाव नव्याने पाठ करायची गरजच नाही. पण चाळीस मुलांनी एकदम ओरडल्यावर त्याचं 'च्यू' झालं. कारण सोपं आहे. 'चि' आणि 'ऊ' यांच्या मध्ये व्यंजन नाही. दोन स्वर शेजारी आले की एकट्याच्या तोंडी ते वेगळे राहतात, घोळक्याच्या तोंडी एकमेकांत मिसळतात. कुणी 'चि' लांबवतो, कुणी 'ऊ', आणि सगळ्यांचा मिळून एकच लांबट आवाज होतो. 'चिमू'मध्ये तोच 'चि', तोच 'ऊ', पण मधल्या 'म'ला सगळ्यांचे ओठ एकदम मिटतात. तिथे सगळे एकत्र येतात. म्हणून चाळीस जण मिळून म्हणाले तरी ते दोन अक्षरीच राहिलं. एका व्यंजनाने एवढा फरक पडतो हे मलाही त्या दिवशीच कळलं.

दुसरी परीक्षा वीस वेळा म्हणण्याची. पहिली-दुसरीच्या मुलांना गोल करून एक नाव टाळ्यांवर सलग वीस वेळा म्हणायला लावलं आणि शेवटी ते काय म्हणताहेत ते ऐकलं. 'ग्रीनी' दहाव्या वेळेपर्यंत 'गिरनी' झालं आणि मग 'गिरणी, गिरणी' असं दळण सुरू झालं! जोडाक्षराने सुरू होणारं नाव लहान मुलं फोडून म्हणतात, हे आपण वाचनाच्या तासाला रोज पाहतोच. 'शेकरू'चं पहिलीतल्या काहींनी 'शेकलू' केलं. 'र' हा मुलांच्या जिभेवर उशिरा बसणारा वर्ण आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण क्लबचं नाव घेताना त्या मुलांना मोठी मुलं हसली. ज्या नावामुळे पहिलीतलं मूल हसण्यावारी जातं, ते नाव बाकी कितीही चांगलं असो, मी वगळते.

'चिमू'मध्येही एक खोट सापडली, ती सांगायला हवी. सलग 'चिमूचिमूचिमू' म्हटलं की नाव कुठे सुरू होतं तेच कळेनासं होतं, 'मूचि मूचि' असं ऐकू येतं. दोन अक्षरी नावाचा हा धोका असतो. त्यावर उपाय म्हणजे नाव दोनदाच म्हणायचं आणि लगेच दुसरे शब्द आणायचे. आमच्या घोषणेचा साचा त्यातूनच ठरला.

तिसरी परीक्षा चिडवण्याची. ही मला आमच्या सहकारी शिक्षकांनी सुचवली आणि ती मी कधीच सोडणार नाही. सहावी-सातवीच्या मुलांना सरळ विचारायचं, "या नावावरून कुणाला चिडवायचं झालं तर कसं चिडवाल?" आधी खाली माना, मग हसू, आणि मग धडाधड उत्तरं. 'लिंबू' म्हटल्याबरोबर मागून आवाज आला, "लिंबूटिंबू!" झालं. खेळात ज्याला घेतात पण धरत नाहीत, जो आउट झाला तरी चालतो, तो लिंबूटिंबू. इको क्लबच्या मुलांना उद्यापासून सगळी शाळा लिंबूटिंबू म्हणाली असती. शिवाय गावाबाहेरच्या माणसाला लिंबू म्हटलं की सरबताचं लिंबू आठवतं, कडुनिंब नाही. लांबून सर्वांत स्वच्छ ऐकू आलेल्या नावांपैकी एक असं बाद झालं.

हीच वेळ आणखी एक गोष्ट तपासायची असते, ते नाव शाळेतल्या कुणा मुलाचं नाव, आडनाव किंवा घरचं टोपणनाव तर नाही ना. हजेरीपत्रकात टोपणनाव सापडत नाही, मुलांनाच विचारावं लागतं.

झाड की पक्षी?

आता उरले दोघं, वडोबा आणि चिमू. मोठ्या मुलांना वडोबा हवा होता, लहानांना चिमू. मोठी मुलं म्हणाली, "चिमू बारक्या पोरांचं वाटतंय." खरं होतं ते.

वडोबाच्या बाजूने बोलायचं तर आपल्या भाषेने ही नावं करायची रीत आधीच करून ठेवली आहे. वाघाचा वाघोबा, चंद्राचा चांदोबा, नागाचा नागोबा. ज्याच्याबद्दल थोडा धाक आणि थोडं प्रेम असतं त्याला 'ओबा' लागतो. झाडाला माणूस करायचं तर याहून मराठी वाट नाही. चिंचोबा, आंबोबासुद्धा होतील. पिंपळोबा मात्र लांब होतो, टाळीवर बसत नाही. ज्या शाळेच्या अंगणात वड आहे त्यांनी डोळे मिटून वडोबा घ्यावा, असं माझं मत आहे.

पण आमचा वड अंगणात नव्हता, वेशीवर होता. मुलांना तो शाळेच्या वेळेत दिसत नाही. दुसरं, 'ओबा' ऐकल्यावर दुसरीतल्या दोघांनी चित्रासमोर हात जोडले. वटपौर्णिमेला आई-आजी त्या वडाला सूत गुंडाळतात, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण हात जोडून मूल मोकळं होतं, मला ते कामाला लागायला हवं होतं. तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं ठरलं. मी दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या शुभंकराला आज काय हवंय?" वडोबावाले थांबले. पाणी? एवढ्या जुन्या वडाला बादलीभर पाण्याने काय होणार? "त्याला तोडू नका" एवढंच त्यांना सुचलं. चिमूवाली लहान मुलं ओरडायलाच लागली. पाणी, दाणे, घरटं, अळ्या, मांजर हाकला! ज्याला रोज काहीतरी लागतं, त्याच्या नावाने रोज घोषणा देता येते.

मोठ्या मुलांची नाराजी मात्र गंभीर होती, कारण भांडी वर टांगणं, घरट्याची पेटी करणं ही कामं त्यांचीच. तोड त्यांनीच काढली. लहानांनी चिमू म्हणायचं, आणि घोषणा देताना प्रश्न विचारायचा मान सातवीचा. प्रश्न मोठ्यांचा, उत्तर लहानांचं. मग ते बारक्या पोरांचं राहिलं नाही.

घोषणा बांधताना

गणपतीच्या मिरवणुकीत एक जण हाक देतो आणि बाकीचे उत्तर देतात. मुलांना ही पद्धत शिकवावी लागत नाही. आम्ही तोच साचा घेतला आणि शब्द मुलांबरोबर फळ्यावर बसवले. अंतिम रूप असं झालं:

सातवी: चिमू चिमू, काय हवं?
सगळे: पाणी हवं, ताजं हवं!
सातवी: चिमू चिमू, काय हवं?
सगळे: अळी हवी, किडा हवा!
सातवी: चिमू चिमू, काय नको?
सगळे: पिशवी नको, धूर नको!

प्रत्येक ओळीत चार शब्द, प्रत्येक शब्दाला एक टाळी. सातवीच्या व्याकरणाच्या तासाला मी याच्या मात्रा मोजायला दिल्या. चिमू म्हणजे लघु-गुरु, तीन मात्रा. काय म्हणजे गुरु-लघु, तीन. हवं, तीन. पण पाणी मात्र चार. मग एका मुलाने विचारलं, "बाई, तीनवरून चारवर उडी बसते कशी?" चांगला प्रश्न. म्हणून पाहा, मुलं ओरडताना 'ची-मू' म्हणतात, 'हवंऽ' म्हणतात. लिहिताना ऱ्हस्व, म्हणताना दीर्घ. टाळी सगळ्यांना सारखा वेळ देते आणि अक्षर तेवढं लांबतं. जात्यावरच्या ओव्या अशाच चालतात, मोजून पाहाल तर ओळी कमी-जास्त, गाताना सारख्या. वृत्ताच्या धड्यात हे दाखवायला याहून जवळचं उदाहरण मला मिळालं नाही.

तिसऱ्या उत्तरात आधी 'प्लास्टिक नको' होतं. 'प्लास्टिक' टाळीवर अडखळतं, सुरुवातीला जोडाक्षर, मध्ये जोडाक्षर, शेवटी क. 'पिशवी' केलं तसं सरळ झालं. 'धूर' हा शब्द एका मुलाने आणला. शाळेमागे कचरा पेटवायची आमची जुनी सवय होती, ती त्याने बरोबर पकडली.

'अळी हवी, किडा हवा' या ओळीला पालकसभेत हशा झाला. पण ती ओळ बदलू नका. मोठी चिमणी मुख्यतः दाणे खाते, पिल्लांना मात्र सुरुवातीचे दिवस मऊ किडे-अळ्याच भरवते. अंगणात दाणे टाकले आणि परसबागेत कीटकनाशक फवारलं, तर पिल्लांच्या तोंडचा घास आपणच काढला. ही ओळ म्हणत असल्यामुळे परसबागेतल्या वांग्यांवर फवारा मारायचा विषय निघाला तेव्हा पाचवीच्या मुलांनीच अडवलं. "बाई, मग चिमूची अळी?" वांगी त्या वर्षी थोडी किडकी निघाली, तेवढं चाललं.

काय बिघडलं

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिला घोटाळा चित्राचा. भिंतीवरची चिमू आमच्या चित्रकाराने हिरवी आणि लाल चोचीची केली. पोपटच तो! मुलांनी रोज हिरवा पक्षी पाहिला आणि नाव चिमू घेतलं तर खरी चिमणी समोर आल्यावर दोन्हींचा मेळ बसत नाही. पुन्हा रंगवून घेतली, तपकिरी. त्यानिमित्ताने नर-मादी ओळखायलाही शिकलो. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो आणि डोक्यावर राखाडी टोपी, मादी साधी तपकिरी, डोळ्यामागे फिकट पट्टा. आम्ही दोघंही काढले. चिमू हे नाव दोघांनाही चालतं, ताई म्हणा की दादा, हा त्याचा आणखी एक फायदा. मुलींचाच पक्षी आणि मुलग्यांचंच झाड अशी वाटणी आपोआप होते, ती टळली.

दुसरा घोटाळा आवाजाचा. व्हरांड्याच्या पत्र्याखाली चिमण्यांचं घरटं होतं आणि उत्साहाच्या भरात मुलं बरोबर त्याखाली उभं राहून घोषणा देऊ लागली. दोन दिवस चिमणी चोचीत किडा घेऊन तारेवर बसून राहिली, आत जाईना. मुलांनीच ते पाहिलं. तेव्हापासून घोषणा मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, आणि पिल्लं असतील तर व्हरांड्यात कुजबुजत.

तिसरा आणि खरा घोटाळा पाण्याचा. घोषणा जोरात आणि भांडं कोरडं, असं एका सोमवारी सापडलं. नाव लक्षात राहिल्याने पाणी भरलं जात नाही, ते कुणाचं तरी काम असावं लागतं. मग घोषणेच्या आधी त्या दिवसाच्या गटाने भांडं घासून, भरून यायचं आणि 'ताजं हवं' या शब्दाला भांडं वर करून दाखवायचं असं ठरवलं. भांडं मातीचं, पसरट, कडेला पाणी दोन-तीन सेंटीमीटरच खोल, म्हणजे चिमणीला उभं राहता येतं. शेवाळ धरलं की मुलं लगेच ओरडतात, "ताजं नाही, ताजं नाही!" हे आम्ही शिकवलेलं नव्हतं.

मे महिन्याचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. पाण्याची खरी गरज तेव्हाच, आणि शाळा तेव्हाच बंद. शाळेजवळ राहणाऱ्या चार घरांतली मुलं पाळीपाळीने भरतात, पण लग्नसराईत दोन-चार दिवस हुकतातच. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने पुढाकार घेतला आणि २०१० पासून तो पाळला जातो. आम्ही त्या दिवशी कार्यक्रम करत नाही, त्या दिवशी उन्हाळ्याच्या पाळ्या लिहून घरोघरी देतो.

नाव टिकलं का, हे कसं ओळखायचं

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी, परिपाठाच्या आधी, भिंतीवरच्या चित्रावर चादर टाकली. पहिली-दुसरीला तोंडी विचारलं, बाकीच्यांना कागदावर लिहायला सांगितलं: आपल्या क्लबच्या शुभंकराचं नाव काय आणि त्याला काय हवं, काय नको. सुट्टीत कुणीही आठवण करून दिली नव्हती. नाव न आलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली, त्यातली दोन सुट्टीतच नव्याने दाखल झालेली. सगळ्यांना तिन्ही उत्तरं आली नाहीत. सर्वांत जास्त विसरली गेली ती 'पिशवी' आणि सर्वांत जास्त आठवली ती 'अळी'. जे ऐकताना हसू येतं ते राहतं, हे त्या कागदांवर स्पष्ट दिसत होतं. म्हणून पुढच्या वर्षी तिसरं उत्तर मुलांकडून पुन्हा बांधून घेणार आहोत. पिशवीऐवजी काय घालायचं यावर सध्या सहावीत वाद चालू आहे.

तुमच्या शाळेत हे करणार असाल तर आमचं नाव उचलू नका, आमच्या परीक्षा घ्या. तुमच्या मैदानाच्या टोकाला काय ऐकू येतं ते वेगळं असेल, तुमच्याकडे लहान मुलं कोणतं अक्षर अडखळतात ते वेगळं, आणि चिडवायचे शब्द तर गावागणिक बदलतात. कोकणातल्या एका मैत्रिणीने त्यांच्या शाळेसाठी माडावरून 'माडू' ठेवायचं ठरवलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "आधी सातवीच्या पोरांना विचार." तिने विचारलं. दोन दिवसांनी फोन आला, माडू गेलं, आता खारीवरून काहीतरी शोधताहेत.